गणपतीला गावी जाताय? मग क्यू देवावर सोडा

रजा कधीचीच मंजूर झालीये, कोकणकन्येचं रिझर्वेशन हातात आहे, तर आता हेल्पडेस्कच्या तिकिटांच्या क्यूचं काय करायचं हा विचार शेवटच्या दिवशी संध्याकाळी बॅग पाठीला लावेपर्यंत डोक्यात येऊच देऊ नका. आधी विचार आला की माणूस तयारी करतो, आणि तयारी नीट झाली की आपल्यावाचून आठवडाभर टीमचं काही अडत नाही हे मॅनेजरला दिसतं. ही रिस्क कोणी घ्यायची?

सगळ्यात भारी उपाय म्हणजे नावावर जेवढी तिकिटं उघडी आहेत ती सगळी On Hold ला टाकायची, कारण Awaiting Caller. एसएलएचं, म्हणजे तिकीट सोडवायच्या ठरलेल्या वेळेचं, घड्याळ थांबतं, डॅशबोर्ड हिरवागार, तुम्ही मोकळे. आता समजा त्यात गोडाऊनच्या लेबल प्रिंटरचं एक तिकीट आहे, तुम्ही शुक्रवारी युजरला विचारलंत की सगळीच लेबलं कापली जातात का फक्त मोठी, आणि निघालात. सोमवारी सकाळी तो बिचारा उत्तर देतो. बहुतेक ठिकाणी उत्तर आलं की तिकीट आपोआप In Progress होतं आणि घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे पळायला लागतं, म्हणजे आठ तासांपैकी सहा आधीच गेले असतील तर हातात राहिले दोन. नोटिफिकेशन येतं तुम्हाला, कारण असाइनी अजून तुम्हीच, आणि टीममधले बाकीचे सकाळी बघतात ती कोणाच्याच नावावर नसलेल्या तिकिटांची यादी, त्यात हे दिसतच नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ब्रीच. इकडे तुमचा दुसरा मोदक चाललाय.

काही अतिशहाणे लोक हे होऊ नये म्हणून निघायच्या दोन दिवस आधीच एकेक तिकीट कव्हर करणाऱ्याच्या नावावर करतात, नाहीतर असाइनी रिकामा करून फक्त ग्रुप ठेवतात, म्हणजे उत्तर आलं की कोणाला तरी दिसतं. वर ऑटो-असाइनमेंटमधून स्वतःचं नाव पण काढून घेतात, म्हणजे नवीन तिकिटं त्यांच्या नावावर पडतच नाहीत. असल्यांना कोणी मिस करत नाही.

नोट्स मात्र लिहा हं, "चेक करतोय" किंवा "युजरशी बोललो" एवढीच. काय बोललात हे कव्हर करणाऱ्याने ओळखायचं, तेवढंच त्याचं ट्रेनिंग. नाहीतर आमच्याकडे एकजण लिहायचा, "ड्रायव्हर परत टाकला, फरक नाही. दुसऱ्या पीसीवरून तीच फाइल नीट छापते म्हणजे प्रिंटर ठीक आहे. फक्त मोठी लेबलं कापली जातात असं उत्तर आलं तर पहिल्या पीसीवर पेपर साइज बघ, तरी नाही जमलं तर व्हेंडरचा केस नंबर वर दिलाय." संपलं, पुढचा माणूस वाचतो आणि कामाला लागतो, रजेवरच्याला एक फोन नाही. काय उपयोग अशा रजेचा.

मेलचा डेलिगेट ॲक्सेस द्यायचाय? आउटलुकमध्ये नाव टाका आणि जे आधीच भरून येतं त्यावर डोळे मिटून ओके करा. त्यात साधारणपणे कॅलेंडर आणि टास्कला Editor असतं आणि इनबॉक्सला None, म्हणजे तुमची दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट त्याला दिसेल (प्रायव्हेट केली नसेल तर) पण क्लायंटचा मेल दिसणार नाही. गुरुवारी त्याला शेजारी बसवून "उघडून दाखव रे जरा" म्हणालात तर दोन मिनिटांत कळेल, म्हणून म्हणू नका. अडलंच तर पासवर्ड व्हॉट्सॲप करा! सिक्युरिटीवाल्यांचं राहू द्या, लॉगिनची परवानगी तुमच्याच फोनवर मागितली जाणार, आणि गावात रेंज येते ती फक्त विहिरीपाशी. तो तिकडे स्क्रीनकडे बघत बसेल, तुम्ही इकडे आरतीत.

अप्रूव्हल्स तर अजिबात कोणाला देऊ नका. सर्व्हिसनाऊसारख्या टूलमध्ये डेलिगेट नेमताना सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाकता येते, अप्रूव्हलवर टिक करता येते, पण एवढं केलं तर नवीन जॉइन झालेल्या पोराला लॅपटॉप वेळेत मिळेल ना.

आणि परत आल्यावर आउटलुकमधलं डेलिगेटचं नाव काढायच्या भानगडीत पडू नका. तिथे शेवटची तारीख नसतेच, आपण हाताने काढेपर्यंत ते तसंच राहतं. तुमची मीटिंगची आमंत्रणं दिवाळीपर्यंत त्याच्याकडे जात राहतील, आणि एखाद्या दिवशी वैतागून तो तुमच्या वतीने शनिवारचा रिव्ह्यू कॉल ॲक्सेप्ट करून टाकेल.