कोड म्हणजे गोरेपण नव्हे

१९९६च्या नोव्हेंबरात मायकल जॅक्सन मुंबईत नाचून गेला, तेव्हा आमच्या चाळीत एकच विषय होता : हा काळ्याचा गोरा झाला कसा? कुणी म्हणे ऑपरेशन, कुणी म्हणे ब्लीच. त्याने १९९३ सालीच टीव्हीवर ओप्रा विन्फ्रीला सांगितलं होतं, की मला कातडीचा रंग घालवणारा आजार आहे, म्हणजे कोडच. पण ते ऐकायचं कुणाला होतं! भर उन्हात छत्री घेतो म्हणूनही लोक हसायचे. कोडाचा डाग उन्हात चटकन भाजतो, हे मला माझ्या मनगटावर पहिला डाग आला तेव्हा कळलं. २००९ साली तो गेल्यावर शवविच्छेदनात कोडच निघालं.

आजही लोक मला विचारतात, "तुम्ही मूळच्या गोऱ्या का?" नाही हो. मी चांगली सावळी आहे आणि डाग गोरे नाहीत, पांढरे आहेत. गोऱ्या कातडीतही रंग असतो. तो तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच संख्येने असतात, फक्त कुणाच्या कमी रंग बनवतात, कुणाच्या जास्त. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींवर उलटते आणि त्या मरतात. तिथे रंग उरतच नाही. मग माणूस नायजेरियाचा असो, नॉर्वेचा असो, नाहीतर नाशिकचा, डाग सारखाच दुधासारखा. जगभरात साधारण शंभरात एकाला हे होतं आणि त्यात वंश बघितला जात नाही.

बदलतं ते एवढंच, की डाग दिसतो किती. माझी मावसबहीण गोरीपान. तिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला डाग कधी आले, तिलाच माहीत नाही. मे महिन्यात गुहागरला आठ दिवस राहून ती रापली आणि आजूबाजूची कातडी काळवंडल्यावर डाग उठून दिसले. डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, वूड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा हातावर धरला, तर डाग निळसर पांढरे लख्ख चमकले. माझे डाग बघायला ट्यूबलाइट पुरली होती.

शब्दानेही घोळ केलाय. हिंदीत 'कोढ' म्हणजे महारोग, आपल्याकडे 'कोड' म्हणजे हे, आणि कुणी त्यालाच 'श्वेतकुष्ठ' म्हणतं. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. महारोगाचा चट्टा फिकट असतो, पण पूर्ण पांढरा नसतो, आणि बहुतेकदा बधिर असतो. माझ्या डागाला मुंगी चावली तरी कळतं. आणि कोड स्पर्शाने लागत नाही. कुणालाच नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. यजमान काकूंनी बहिणीच्या कपाळाला कुंकू लावलं, हळद लावली, हात हातात घेऊन वाण दिलं. मला तिळगूळ वरून टाकला, ओंजळीत. बहिणीने ओठांच्या कडेवरचा कन्सीलर रुमालाने पुसला आणि म्हणाली, "काकू, आता मलाही वरूनच टाका."