आरसा झाकण्याचा उद्योग

चकचकीत स्क्रीनच्या लॅपटॉपवर काम करायचं म्हणजे दिवसभर स्वतःचं तोंड बघायचं. पांढरं पान उघडं असेल तर एक वेळ ठीक. पण सिनेमात रात्रीचा प्रसंग सुरू झाला, की खुनी कुठे लपलाय ते कळत नाही. दिसतो तो डोक्यावरच्या ट्यूबलाइटसकट मी, तोंडात बिस्कीट धरलेला. म्हणून मॅट फिल्म मागवली.

फिल्म लावण्याची जागा बाथरूम. गरम पाण्याचा नळ सोडायचा, वाफ भरू द्यायची, हवेतली धूळ तिच्यासोबत खाली बसली की मग सुरुवात. अर्थात वाफ ओसरल्यावर आणि लॅपटॉप बंद करून. मी पंखा बंद, दार बंद, बाह्या वर अशा थाटात असताना बाहेरून बायकोचा आवाज आला, "अरे, लॅपटॉपला आंघोळ घालतोयस का?" तिला दार उघडू न देणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. दार उघडलं की बाहेरची ताजी धूळ आत.

फिल्म आधी कोरडीच स्क्रीनवर ठेवून चारही कडा जुळवायच्या आणि वरच्या कडेला चिकटपट्टीच्या बिजागऱ्या लावायच्या. मग ती वहीच्या पानासारखी उलटते आणि खाली आणली की नेमकी जागेवर बसते. मागचा कागद थोडा थोडा सोलत वरून खाली यायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने हवा पुढे ढकलत. एवढं करूनही बुडबुडे येतातच. पट्टीने सरकत सरकत कडेपर्यंत जातो तो हवेचा. दाबला की बसतो आणि बोट काढताच पुन्हा तिथेच उठतो, त्याच्या पोटात कुसळ असतं. अशा ठिकाणी फिल्म कडेने उचलायची, चिकटपट्टीच्या तुकड्याने कुसळ टिपायचं आणि त्याच वेळी नवं कुसळ आत शिरताना हताशपणे बघायचं.

शेवटी फिल्म बसली. लॅपटॉप चालू केला. ट्यूबलाइट गेली, मीही गेलो, आणि आमच्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या! "स्वच्छ पुसलास ना?" असं बायकोने विचारलं. पुसून जाणारी गोष्ट असती तर काय हवं होतं.

याचं कारण फिल्मच्या कागदात गुंडाळून आलेल्या कोपऱ्याच्या तुकड्याने मला दाखवलं. तो छापील पानावर टेकवा: अक्षर जवळजवळ जसंच्या तसं. आता बोटभर वर उचला: ओळींचा नुसता धुरळा. फिल्म तीच, फक्त अंतर वाढलं. तिचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. बाहेरचा प्रकाश तो गिळत नाही, नुसता विखरतो, म्हणून ट्यूबलाइटची रेघ मोडून तिचा फिकट डाग होतो. पण आतून येणाऱ्या अक्षराच्या प्रकाशालाही तो तीच वागणूक देतो. अक्षर जितकं खोल, तितकं जास्त पसरतं.

माझा स्क्रीन १५.६ इंची, फुल एचडी. रुंदी साधारण ३४४ मिलिमीटर, तिच्यात १९२० पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल जेमतेम ०.१८ मिलिमीटरचा. वरची काच अर्धा मिलिमीटर धरली, तरी माझी फिल्म पिक्सेलपासून जवळजवळ तीन पिक्सेलभर उंचावर तरंगते आहे. कारखान्यातूनच मॅट आलेल्या स्क्रीनवर तो खडबडीतपणा बहुधा पॅनेलच्या वरच्या थरावरच असतो, मध्ये जाड काच नसते. म्हणून तिथली अक्षरं बरी दिसतात. काचेवर फिल्म लावून आपला लॅपटॉप त्यांच्या पंगतीला बसेल, ही आशा मी सोडली.

धूसरपणा सोसला असता, पण पांढऱ्या पानावर रंगीत रवा चमकायला लागला. मान हलवली की तोही हलतो. फिल्मवरचे सूक्ष्म उंचवटे भिंगांसारखे वागतात आणि लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांपैकी एखाद्याला उगाच मोठेपणा देतात. पिक्सेल जितके बारीक, तितकी त्यांची मस्ती जास्त. त्यामुळे महागड्या, अतितीक्ष्ण स्क्रीनवर भरड फिल्म लावणं म्हणजे पैसे देऊन तीक्ष्णपणा परत करणं. रवा दिसू नये म्हणून काळी पार्श्वभूमी निवडली, तर खिडकीचा विखुरलेला उजेड तिच्यावर पसरला आणि काळ्याचा राखाडी झाला. आगीतून फुफाट्यात.

फिल्म घेताना 'हेझ' असा आकडा दिलेला असेल तर तो बघावा. जास्त हेझ म्हणजे प्रकाश जास्त विखुरणार: प्रतिबिंब कमी, धूसरपणा जास्त. माझ्या फिल्मवर फक्त 'सुपर क्लिअर मॅट' असं लिहिलं होतं. कडेच्या खाचांत अडकवायच्या, हव्या तेव्हा काढता येणाऱ्या फिल्मही मिळतात. पण त्यांच्या मागे हवेची फट राहते, म्हणजे अंतर आणखी वाढलं.

सध्या अक्षरांचा आकार वाढवून माझं निभतं. दिवसा खिडकीसमोर बसून लिहायला फिल्म खरंच सुखाची आहे. फोटो बघायचे असले की मात्र बायको तिचा चकचकीत लॅपटॉप उघडते आणि मला म्हणते, "तू जरा बाजूला हो, फोटोत दिसतोयस."