मेंटेनन्सच्या शीटबद्दल आमचे उत्तर

★★ «सोसायटीच्या मेंटेनन्सचे महिने एप्रिल ते मार्च ओळीने लावायचे होते. दोन मिनिटांचं काम, त्याला एक दिवस लावला आणि ३५० रुपये घेतले. बरोबर आहे का बघायला घरी पुन्हा सॉर्ट केलं, तर नावं पार उजवीकडे गेली आणि एकूणमध्ये नुसते #####.»

नमस्कार. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र ‘दोन मिनिटांचं काम’ हे शब्द आम्हाला फार लागले. आमचे दुकान दोन माणसांचे आहे आणि असे अभिप्राय वाचूनच नवे ग्राहक यायचे की नाही ते ठरवतात, म्हणून त्या दिवशी नेमके काय काम झाले ते सविस्तर लिहीत आहोत.

एक्सेलमध्ये आडव्या ओळींऐवजी कॉलमची जागा बदलायची असेल, तर Data मधील Sort उघडून Options मध्ये Sort left to right निवडावे लागते आणि मग Sort by मध्ये Row 1 घ्यावी लागते. एवढ्याला खरोखरच दोन मिनिटे लागतात, आणि आम्हीही सुरुवातीला तेवढेच केले. तेव्हा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आधी आले, त्यांच्यामागे एप्रिल ते डिसेंबर लागले आणि ऑगस्ट एकटा सर्वांच्या शेवटी गेला. याचे कारण हेडिंगमध्ये होते. आपण Apr-24 असे टाइप केले होते, पण एक्सेल त्यातील 24 हा आकडा वर्ष न मानता तारीख मानते आणि चालू वर्ष आपल्या मनाने जोडते. सेलमध्ये 24-Apr दिसत असल्याने वाचणाऱ्याला ते २०२४ चा एप्रिल वाटते, परंतु त्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिले की 24-04-2025 लिहिलेले सापडते. Jan-25 चेही तसेच 25-01-2025 झाले होते. सगळी हेडिंग एकाच वर्षातली ठरल्यावर जानेवारी एप्रिलच्या आधी येणारच. ऑगस्ट तर मराठी अक्षरांत, वर्षाशिवाय लिहिलेला होता, आणि चढत्या क्रमात मजकूर नेहमी तारखांच्या मागे जातो.

तो ऑगस्ट २०२४ चा की मागच्या थकबाकीचा, हे आम्ही अंदाजाने ठरवू शकत नव्हतो. सभासदांच्या पैशांचा हिशेब आहे. म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी आपल्याला फोन करून विचारले, आणि आपले उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आपण लिहिलेला ‘एक दिवस’ बव्हंशी या प्रतीक्षेचा आहे. त्यानंतर बाराही हेडिंग 1-4-2024, 1-5-2024 अशी पूर्ण तारीख घालून नव्याने लिहिली, त्यांना mmm-yy हे स्वरूप दिले, फक्त C1 ते N47 एवढाच भाग निवडून सॉर्ट केला आणि प्रत्येक महिन्याची बेरीज आधीच्या शीटशी ताडून पाहिली. ३५० रुपये या सगळ्याचे होते.

आता घरी झालेल्या बदलाविषयी. ‘फ्लॅट नं.’ आणि ‘नाव’ हे A आणि B कॉलम आम्ही मुद्दाम निवडीबाहेर ठेवले होते. डावीकडून उजवीकडे सॉर्ट करताना My data has headers हा पर्याय फिका पडतो, त्यामुळे पहिला कॉलम नावांचा आहे हे एक्सेलला सांगण्याची सोयच उरत नाही. एकाच सेलवर क्लिक करून सॉर्ट केले की ते सलग असलेला सगळा तक्ता उचलते. तारखा आधी आणि मजकूर नंतर या नियमाने महिने A पासून लागले, आणि एकूण, नाव व फ्लॅट नं. हे तिन्ही M, N, O मध्ये गेले. कॉलमची रुंदी मात्र सॉर्टबरोबर सरकत नाही. महिन्यासाठी ठेवलेल्या अरुंद M मध्ये एकूण रक्कम मावली नाही, म्हणून ##### दिसले. आकडे शाबूत आहेत.

ही शीट आपण घरीही पूर्ववत करू शकाल. सर्वांत वर एक रिकामी रो घाला. तिच्यात ‘फ्लॅट नं.’वर 1, ‘नाव’वर 2, एप्रिल ते मार्चवर क्रमाने 3 ते 14 आणि ‘एकूण’वर 15 लिहा. मग तक्त्यातील एका सेलवर क्लिक करून Sort left to right ने Row 1 वर चढत्या क्रमाने सॉर्ट करा आणि ती रो काढून टाका. एकूणची सूत्रे पुन्हा C ते N वर येतील, आणि रुंदी मूळ जागीच असल्याने ##### आपोआप जातील. नको वाटल्यास फाइल पाठवा, आम्ही ती विनामूल्य लावून देऊ.

यापुढे काम घेतानाच हेडिंग तपासून वेळेची कल्पना देण्याचा आमचा प्रयत्न राहील, आणि फाइलसोबत एखादी सूचनाही देता येईल का ते पाहू. अभिप्रायातील वेळेचा उल्लेख तेवढा आपण पुन्हा एकदा विचारात घ्यावा, ही नम्र विनंती.