आजीला शाल नको, टेबल लॅम्प द्या

सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात आलेल्या भेटी एकदा नीट बघा. शाल, चांदीचं निरांजन, आणखी एक शाल, पाय दाबून देणारं यंत्र, आणि एखादं नातवंड परदेशात असेल तर हाताला बांधायचं स्मार्टवॉच. यातलं बहुतेक आठवडाभरात कपाटात जातं. "छान आहे गं, जपून ठेवते," असं आजी म्हणते आणि पुढे तीच शाल कुणाच्या तरी मुंजीत आहेर म्हणून निघते. तिचं काही चुकत नाही. आणणाऱ्यानेही ती द्यायची म्हणूनच आणलेली असते.

माझं स्पष्ट मत आहे की गुडघे धरलेल्या आणि नजर अधू झालेल्या माणसाला, नव्याने काही शिकावं लागेल अशी वस्तू देऊच नये. ते आजही जे करतात, पण रडतखडत करतात, तेवढंच सोपं करून द्यावं. आमच्या आजीची अशी तीन कामं होती: सकाळचा हरिपाठ, जेवण आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन येणं.

हरिपाठापासून सुरुवात करते. खरेदीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा की नजर कशामुळे कमी झाली आहे. आमच्या आजीच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे खराब झालाय. त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा तिला ओळखू येत नाही, पण दाराच्या कडेने मांजर गेलं तर लगेच कळतं. अशा नजरेला भिंगाचा उपयोग होतो, कारण अक्षर मोठं झालं की कडेच्या चांगल्या भागाने ते पकडता येतं. काचबिंदू खूप वाढलेला असेल तर उलट होतं. मधलं दिसतं, पण खिडकी अरुंद होते, आणि अक्षरं मोठी केली की त्या खिडकीत शब्दसुद्धा मावत नाही. म्हणजे एका आजोबांना लाभलेलं भिंग दुसऱ्यांना कुचकामी ठरू शकतं.

भिंगांच्या जाहिरातींवर मात्र अजिबात जाऊ नका. तळहाताएवढी काच आणि 'दहापट मोठं' या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. भिंग जितकं ताकदवान, तितकी काच लहान आणि ते कागदाच्या तितकं जवळ धरावं लागतं. खरोखर तिप्पट मोठं दाखवणारं भिंग साधारण ८ सेंटीमीटरवर स्थिर धरावं लागतं. दहापटीचं तर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर. ८० वर्षांच्या थरथरत्या हाताला हे जमत नाही, अक्षरं नाचायला लागतात, आणि मग "डोळे दुखतात" म्हणून भिंग बाजूला पडतं. डोळे दुखत नसतात, हात दमलेला असतो. म्हणून पायांवर उभं राहणारं किंवा सरळ पानावर ठेवून ओळीवरून सरकवायचं अर्धगोल भिंग घ्या. अर्धगोल भिंग जेमतेम दुप्पट मोठं दाखवतं, पण अंतर सांभाळावं लागत नाही आणि आजूबाजूचा उजेडही ते पानावर गोळा करतं. मोठ्या टायपातला हरिपाठ आणि हे भिंग, एवढ्यावर आजीचं काम भागतं.

पण भिंगाच्याही आधी उजेड. तरुण डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो, कारण बाहुली आकसते आणि आतली काच पिवळी पडते. आपण मात्र समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबकडे बोट दाखवून म्हणतो, "एवढा तर लख्ख उजेड आहे!" दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावर पडणारा उजेड जवळजवळ चौपट होतो. म्हणून खोलीत जास्त वॅटचा बल्ब लावण्यापेक्षा मान वळणारा टेबल लॅम्प पुस्तकाच्या जवळ आणलेला बरा. तो जास्त चांगल्या डोळ्याच्या बाजूने, खांद्याच्या थोडा पुढे हवा, आणि बल्ब थेट डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर खोलगट टोपी हवी. टेबलाला चिमट्याने घट्ट बसणारा घ्या, म्हणजे धक्का लागून पडत नाही. वायर भिंतीच्या कडेने न्या, चालायच्या वाटेवर नको. बटण सापडावं म्हणून त्यावर आम्ही एम-सीलचा छोटा टिपका लावला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच चाचपून दिवा लावत होती.

आता जेवण. यावर कुणी बोलत नाही, आणि सगळ्यांत स्वस्त भेट इथेच आहे. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला की अधू नजरेला ताट रिकामंच दिसतं. स्टीलच्या ताटात ट्यूब चमकते, त्यामुळे तिथेही काही धड कळत नाही. "हल्ली आई नीट जेवत नाही" ही आमच्या काकूची तक्रार बरीचशी ताटाची होती. गडद निळं, उभ्या काठाचं मेलामाइनचं ताट आणलं. भात, दही, पोळी त्यावर उठून दिसतात आणि घास काठाला टेकवून उचलता येतो. चहाचं उलट. कोरा चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात. कप कुठपर्यंत भरलाय हे दिसलं की अंगावर सांडण्याची भीती जाते.

तिसरं न्हाणीघर, आणि इथे जरा कडक बोलते. रबरी वाटीने टाइल्सला चिकटवायचे दांडे भेट देऊ नका. फरशी खडबडीत असली किंवा वाटी दोन टाइल्सच्या सांध्यावर आली की हवा शिरते. दांडा न सांगता सुटतो, आणि नेमका पूर्ण भार पडतो तेव्हाच सुटतो. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत स्क्रू करून बसवलेलाच दांडा हवा. बसवणाऱ्याला आधी टाइल ठोकून बघायला सांगा, पोकळ आवाज आला तर तिथे नको. दांडा मुठीत मावेल असा, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा असावा, आणि भिंतीपासून बोटं जातील इतकाच लांब, कारण फार अंतर ठेवलं तर घसरलेला हात आत अडकतो. पांढऱ्या टाइल्सवर चकचकीत स्टीलचा दांडा तिला दिसतच नाही, म्हणून लाल किंवा निळा शोधा. उंची पुस्तकात बघून ठरवू नका. आजीला कमोडवर बसवा, उठताना हात कुठे जातो ते बघा आणि तिथे पेन्सिलने खूण करा.

चालायला काठी असेल तर तिच्या टोकाचं रबर उलटं करून पाहा. खालच्या रेषा पुसून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर ते सरकणारच. नवं रबर किरकोळ किमतीत मिळतं, फक्त जुनं सोबत नेऊन माप जुळवा.

आणि शेवटी एक युक्ती, जी आमच्याकडे हमखास चालते. यातली कुठलीही वस्तू खोक्यात घालून, रिबीन बांधून देऊ नका. लॅम्प लावून द्या, दांडा ठोकून द्या, ताट मांडणीत ठेवून त्यातच पहिला घास वाढा. खोकी घरी घेऊन जा. ती दिसली की "बांधून ठेव, लग्नाला देऊ कुणाच्या तरी" हे ठरलेलंच आहे.