रातकिडा पाण्यात उडी का मारतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख रंजक आहे, पण मी पदवीच्या वर्गाला इकॉलॉजी शिकवते आणि माझ्या मुलांनी असला निबंध लिहिला तर मी गुण कापीन. मुंग्या, उंदीर, गोगलगायी, रातकिडे, प्रत्येकाला दोन ओळी आणि वर 'झोंबी' हा शब्द. आजारी प्राणी विचित्र वागतोच. रातकिड्याला तहान लागली असेल, म्हणून तो पाण्याकडे गेला असेल. हे कृमीनेच घडवलं, हे कशावरून? आणि यात इकॉलॉजी नेमकी कुठे आहे?"

मॅडम,

परजीवी ज्याच्या शरीरात राहतात त्या यजमान प्राण्याचं वागणं स्वतःच्या सोयीचं करून घेतात, जसं पोटात कृमी असलेला रातकिडा पाण्यात उडी मारतो, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. बाकीची सगळी उदाहरणं बाजूला ठेवू आणि फक्त रातकिडा घेऊ. तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मुद्दाम प्रयोग झाले आहेत, तेही याच प्राण्यावर.

आधी कृमीची अडचण सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. हेअरवर्म ही घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी दिसणारी बारीक, लांब कृमी. तिचं मीलन आणि अंडी घालणं पाण्यातच होतं. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभक पाण्यातल्या कीटकांच्या अळ्यांमध्ये शिरतात आणि तिथे कोश करून पडून राहतात. अळीचा मेफ्लायसारखा उडणारा कीटक झाला की त्याच्याबरोबर तेही जमिनीवर येतात. तो कीटक रातकिड्याने खाल्ला की कृमी त्याच्या शरीरपोकळीत वाढू लागते. सेंटिमीटरभर लांबीच्या रातकिड्यात दहा-पंधरा सेंटिमीटरची कृमी वेटोळं करून बसलेली सापडते. आता ती पूर्ण वाढलेली आहे, पण कोरड्या जंगलात आहे, आणि जोडीदार मात्र पाण्यात. रातकिडा आपण होऊन ओढ्यात उतरणारा प्राणी नव्हे.

आता तहानेकडे वळू. फ्रेडेरिक थोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये जंगलालगतच्या एका खुल्या जलतरण तलावाकाठी रात्री असे कृमीबाधित कीटक पाहिले, गोळा केले आणि 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी बाधित आणि निरोगी रातकिडे इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीत सोडले. एका फाट्याच्या टोकाला पाणी होतं, दुसऱ्याच्या टोकाला नव्हतं. तहान हे कारण असतं, तर बाधित रातकिडे पाण्याचा फाटा जास्त वेळा निवडते. तसं झालं नाही. लांबून पाणी हेरण्यात ते निरोगी रातकिड्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. पण पाण्याच्या अगदी काठाशी आणल्यावर मात्र बाधित रातकिडे उडी मारण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. म्हणजे वागणं दोन टप्प्यांत बदलतं. आधी रातकिडा आपली नेहमीची जागा सोडून सैरभैर भटकू लागतो आणि त्या भटकण्यात कधीतरी ओढ्याजवळ पोचतो. मग, काठावर आल्यावर, एरवी जी गोष्ट तो टाळतो तीच करतो. तहानलेला प्राणी काठावर थांबून पाणी पितो, स्वतःला पाण्यात झोकून देत नाही.

'आजारी आहे म्हणून' या शंकेला मी अधिक वजन देते, कारण तिचं उत्तर एका प्रयोगाने मिळत नाही. इथे वेळ पाहावी लागते. रातकिड्यात कृमी असते कितीतरी दिवस, शरीर पोखरून ती वाढत असते, पण पाण्यात उडी मारण्याचं वागणं ती पूर्ण वाढल्यावरच दिसतं. निव्वळ अशक्तपणाचा परिणाम असता तर तो हळूहळू वाढत गेलेला दिसला असता. शिवाय कृमी बाहेर पडल्यावर जे रातकिडे बुडत नाहीत, त्यांचं हे वागणं मागे पडतं, असं पुढच्या एका अभ्यासात दिसलं. शरीराची झालेली हानी तशीच असताना वागणं मात्र बदलतं! यामागे रसायनांचा खेळ असावा, असं मानायला आधार आहे. बाधित रातकिड्यांच्या मेंदूतली प्रथिनं तपासली तेव्हा चेतासंस्थेच्या कामाशी निगडित प्रथिनांत फरक आढळला, आणि कृमीत कीटकांच्या प्रथिनांशी साधर्म्य असलेली प्रथिनं सापडली. पण अमुक प्रथिनामुळे अमुक उडी, अशी सरळ रेघ अजून कोणी ओढलेली नाही. तुमच्या मुलांनी ती ओढली, तर तिथे गुण जरूर कापा.

यात इकॉलॉजी कुठे आहे, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला.

जपानच्या की द्वीपकल्पातल्या एका डोंगरी ओढ्यात ताकुया सातो आणि सहकाऱ्यांनी 'किरिकुची चार' नावाच्या, ट्राउटच्या कुळातल्या, धोक्यात आलेल्या माशांचं खाणं वर्षभर मोजलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 60 टक्के ऊर्जा हेअरवर्मने पाण्यात ढकललेल्या रातकिड्यांतून आणि त्यांच्या नातलग कीटकांतून येत होती. बाधित रातकिडा ओढ्यात पडण्याची शक्यता निरोगी रातकिड्याच्या 20 पट होती. हे घबाड बारा महिने मिळत नाही, उन्हाळा सरता सरता आणि शरदात मिळतं. तरी वर्षाच्या हिशेबात ते निम्म्याहून जास्त भरलं.

मग याच गटाने ओढ्यावर प्रत्यक्ष प्रयोग केला (2012). काही भागांत रातकिडे पाण्यात पडणं रोखलं, काही भागांत ते पडू दिले. जिथे रातकिडे पडत होते तिथे माशांनी तळाशी राहणारे किडे आणि अळ्या कमी खाल्ल्या. त्यामुळे या किड्या-अळ्यांची संख्या टिकली, त्यांनी दगडांवरचं शेवाळ जास्त चरलं आणि शेवाळ घटलं. पडलेली पानं कुजण्याचा वेगही किंचित वाढला. 'किंचित' हा शब्द निबंधात राहू द्यावा. जंगलातल्या एका किड्यामुळे दगडावरचं शेवाळ कमी होतं आणि या दोघांच्या मध्ये एक कृमी असते, ही तुम्ही शोधत असलेली इकॉलॉजी.

इथे एक गोष्ट निबंधात हमखास चुकते. मासा हा या कृमीचा पुढचा यजमान नाही. कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या दलदलीत एक चपटकृमी किलिफिश माशाच्या मेंदूवर बसून त्याला पक्ष्यांच्या नजरेत भरेल असं वागायला लावते, कारण तिला पक्ष्याच्या पोटातच जायचं असतं. हेअरवर्मचं तसं नाही. तिला पाणी हवं आहे, मासा नको. रातकिडा गिळला गेला तर तो तिच्यासाठी धोका असतो. गिळलेल्या रातकिड्यातली कृमी माशाच्या तोंडातून किंवा कल्ल्यांतून वळवळत बाहेर निसटताना प्रयोगशाळेत पाहिली गेली आहे, 2006 मध्ये ते प्रसिद्धही झालं. म्हणजे नैसर्गिक निवडीने घडवलं ते रातकिड्याला पाण्यात नेणं. माशांची मेजवानी आणि शेवाळाची घट हे त्याचे ओघाने आलेले परिणाम. 'परजीवी माशांना पोसतो' असं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं, तर पुढे 'कोणाच्या फायद्यासाठी?' असं विचारा. प्रकरण समजलं आहे की नुसतं पाठ केलं आहे, ते तिथे कळेल.

आणि 60 टक्क्यांचा आकडा हा त्या एका ओढ्याचा, त्या एका माशाचा आहे. दुसऱ्या ओढ्यात रातकिडे किती, कृमी किती, काठाला जंगल आहे की नाही, यावर तो बदलेल. निबंधात आकड्याच्या शेजारी जागेचं नावही लिहायला लावा.

'झोंबी' मात्र मी काढणार नाही. तो मूळ लेखाच्या शीर्षकात आहे, निष्कर्षात नाही.