रोज सकाळची साखर आणि गोळ्यांवरचे मधुमेही

‘शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्याने रोज सकाळी उपाशीपोटी मीटरवर शुगर बघायलाच हवी. ती १२०-१२५ च्या आसपास आली की दिवसभराची काळजी मिटली. जेवणानंतरची तपासणी नको आणि तीन महिन्यांच्या तपासणीचा खर्चही नको.’ सोलापुरात घरोघरी फिरणारा संदेश.

पहिला मुद्दा रोजच्या तपासणीचा. इन्सुलिन घेणाऱ्याला रोजच्या आकड्यावरून मात्रा ठरवावी लागते. केवळ मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या घेणारा माणूस मात्र सकाळी ११८ आले किंवा १३१ आले म्हणून त्या दिवशीची गोळी बदलत नाही. मीटरमध्येही साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो, त्यामुळे या दोन आकड्यांत खरोखर काही फरक आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेहींपैकी काहींनी रोज एकदा तपासणी केली आणि काहींनी अजिबात केली नाही. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे संदेशातल्या त्या तीन महिन्यांच्या तपासणीत, लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. पट्ट्यांवर महिन्याला काही शे रुपये घालवून केवळ वहीत आकडे भरत असतील, तर तो पैसा वाया जातो असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा अधिक घातक आहे, कारण त्यामुळे दोष लपतो. उपाशीपोटीची साखर प्रामुख्याने रात्रभर यकृताने सोडलेल्या साखरेचा अंदाज देते. न्याहारीनंतर काय घडते ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी जोडीने तपासणी करावी, म्हणजे एकाच जेवणाच्या लगेच आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा एकदा. एका दिवशी न्याहारीची जोडी, एक-दोन दिवस सोडून दुपारच्या जेवणाची, नंतर रात्रीची. अशा सहा पट्ट्यांत आठवडा संपतो आणि तीनही जेवणांचे चित्र समोर येते.

पंचावन्न वर्षांच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या आणि फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. सकाळची साखर नेहमी १२० च्या आसपास, तरीही एचबीए१सी ७.६. त्यांच्या जोड्या अशा आल्या: पोहे आणि साखरेच्या चहाआधी १२२, नंतर २२६; दुपारी ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेंगाचटणीआधी १५१, नंतर १८९; रात्री १३८ आणि १८२. वाढ अनुक्रमे १०४, ३८ आणि ४४. बहुतेकांना जेवणानंतर १८० च्या आत राहण्याचे उद्दिष्ट दिलेले असते, त्या हिशेबाने दुपार आणि रात्र सीमेवरच आहेत. खरी गडबड न्याहारीत आहे. आता बदल एकच करायचा: पोहे निम्मे, सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ आणि चहा बिनसाखरेचा. आठवडाभराने तीच जोडी पुन्हा घेतली तेव्हा १२० आणि १६८ आले. भाकरी सोडण्याचा विचार त्यांनी केला होता, तो अनाठायी ठरला. एकाच वेळी भाकरी, पोहे आणि चहा असे सगळेच बदलले असते, तर नेमका कशाचा उपयोग झाला हे कळले नसते.

आकडा भलताच आला तर आधी हात धुऊन, पुसून पुन्हा तपासावे. चिकू किंवा आंबा चिरलेल्या बोटावरची साखरही मीटर मोजतो. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, तेव्हा आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर थोडक्यात आहे. मीटर त्या क्षणाची साखर सांगतो, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून एकीची जागा दुसरी घेत नाही. साखर स्थिर असेल तर ही तपासणी सहा महिन्यांनी पुरते, औषध बदलले असेल तर तीन महिन्यांनी करावी. रक्तक्षय असल्यास मात्र हा आकडा फसवा ठरू शकतो, तेव्हा जोड्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवावी.

म्हणजे स्थिर साखरेच्या माणसाने डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात सहा पट्ट्या वापराव्यात; एरवी आजारपणात, स्टेरॉइड सुरू झाल्यावर किंवा गोळी बदलल्यावर तपासावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांना मात्र एवढ्यावर थांबता येत नाही, कारण या गोळ्यांनी साखर खाली जाऊ शकते. अशांनी उपवासाच्या दिवशी काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, आणि जेवण लांबले, लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवून करायचा असला, किंवा दरदरून घाम आणि थरथर सुटली तर त्याच वेळी तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आल्यावर काहीतरी खावे. मीटर हाताशी नसेल तर तो शोधत बसू नये, साखर आधी घ्यावी. आणि हा प्रसंग पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावा, कारण बहुधा गोळीची मात्रा कमी करावी लागते.