पापणीवरची प्रत्येक गाठ रांजणवाडी नसते

"पापणीवर गाठ आली म्हणजे रांजणवाडीच. लवंग उगाळून लावा, पिकून फुटेल."

हे खरं नाही. रांजणवाडी हा जंतुसंसर्ग आहे. ती बहुधा पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी येते, पहिल्या दिवसापासून ठणकते, टोकाला पिवळा पू दिसतो आणि साधारण आठवड्याभरात फुटून बसते.

आता समजा, वरच्या पापणीत मध्यभागी, केसांपासून थोडी वर, वाटाण्याएवढी गाठ दीड महिना आहे. दाबली तरी दुखत नाही, वरची त्वचा तिच्यावरून सहज सरकते. हे कॅलेझियन. पापणीतल्या तेलग्रंथीचं तोंड बुजतं, तेल आत साचतं आणि त्याभोवती सूज धरते. त्यात पिकण्यासारखा पू नसतोच, त्यामुळे फुटायची वाट पाहणं व्यर्थ. लवंगेने तर डोळ्याची आग होते, बुबुळाला इजा होऊ शकते. कृपा करून लावू नका.

पहिले दोन-तीन दिवस मात्र दोन्ही सारख्याच दिसू शकतात. आतल्या बाजूची रांजणवाडी ओसरून मागे कॅलेझियन उरतं, असंही होतं. म्हणून दुखणं थांबल्यावर गाठ राहते का, ते पाहा.

दोन्हींत कोमट, स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं शेक द्या. गाठ पिळू नका. महिन्याभरात कॅलेझियन कमी झालं नाही तर नेत्रतज्ज्ञ छोटा छेद देऊन ते काढतात. उतारवयात त्याच जागी पुन्हा गाठ आली किंवा तिथले केस गळले, तर तपासणीत कर्करोग नाही ना, हे पाहावंच लागतं. लाली गालाकडे पसरली, ताप आला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवा.